जैवभार घटला, पण एन्झाइम ‘वाढले’: भूवापर बदलाच्या अहवालात हे कसं मांडायचं?

प्रश्न: जंगल आणि त्याला लागूनच सुमारे २५ वर्षांपूर्वी जंगल तोडून केलेलं शेत, अशा दोन ठिकाणच्या ०-१० सेंमी मातीचा लॅब रिपोर्ट लिहितो आहे. शेतात सूक्ष्मजीवांचा जैवभार कर्ब सुमारे ४० टक्क्यांवर आला आहे, डिहायड्रोजनेज एक तृतीयांशावर. बीटा-ग्लुकोसिडेज प्रति ग्रॅम माती कमी आहे, पण जैवभाराने भागलं तर शेतात जंगलाच्या सुमारे १.३५ पट येतं. म्हणजे शेतातले जीवाणू जास्त काम करतात का? की माझं गणित चुकलं? सगळी रीडिंग सोबत दिली आहेत.

उत्तर:

गणित एका जागी चुकलं आहे, पण उलटापालट त्यामुळे झालेली नाही. ती खरी आहे. मात्र ‘शेतातले जीवाणू जास्त काम करतात’ असं तिच्यावरून म्हणता येत नाही.

आधी जैवभाराचा आकडा पक्का करू, कारण पुढचं प्रत्येक गुणोत्तर त्याच्यावर उभं आहे. तुम्ही क्लोरोफॉर्मची धुरी देऊन अर्क काढायची पद्धत वापरली आहे: २५ ग्रॅम ओल्या मातीचे दोन वाटे, एकाला २४ तास धुरी, दुसरा तसाच, मग दोन्ही वाटे १०० मिली ०.५ मोलर पोटॅशियम सल्फेटमध्ये अर्धा तास हलवून गाळलेले आणि टीओसी अॅनलायझरवर मोजलेले. पद्धत बरोबर आहे. हिशेब असा होतो:

```
E_C = (C_fum - C_unfum) × (V_ext + V_water) / M_dry
MBC = E_C / k_EC
```

तुम्ही `V_water`, म्हणजे मातीतल्या ओलाव्याचं पाणी, सोडून दिलं आणि `M_dry`, म्हणजे कोरड्या मातीचं वजन, याच्या जागी सरळ २५ घातलं. दोन्ही मातींचा ओलावा सारखा असता तर ही चूक दोन्हीकडे सारखीच बसली असती आणि तुलना फारशी बिघडली नसती. पण जंगलाच्या मातीत कोरड्या वजनावर २८ टक्के ओलावा आहे आणि शेतात १४. जंगलाच्या २५ ग्रॅममध्ये कोरडी माती फक्त १९.५३ ग्रॅम, आणि उरलेलं ५.४७ ग्रॅम पाणी अर्कात मिसळलेलं. टीओसीची रीडिंग ८८ आणि ३४ मिग्रॅ प्रति लिटर, म्हणजे फरक ५४. त्याला १०५.४७ मिलीने गुणून १९.५३ ने भागलं की साधारण २९२ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम येतात, आणि ०.४५ ने भागलं की ६४८. शेतात रीडिंग ४१ आणि २०, फरक २१, कोरडी माती २१.९३ ग्रॅम, एकूण द्रव १०३.०७ मिली. जैवभार कर्ब २१९. तुमच्या पद्धतीने हेच आकडे ४८० आणि १८७ येतात. म्हणजे जंगलाचा आकडा २६ टक्क्यांनी खाली गेला, शेताचा १५ टक्क्यांनी. जंगल शेताच्या ‘अडीचपट’ आहे असं तुम्ही लिहिलं आहे, ते प्रत्यक्षात जवळपास तिप्पट आहे. भूवापराचा परिणाम तुम्ही ओलाव्यापायी कमी दाखवलात.

०.४५ हा `k_EC` चा भाजक टीओसी अॅनलायझरसाठी. डायक्रोमेटने अर्कातला कर्ब काढला असता तर रूढ भाजक ०.३८ आहे. त्याने जंगलाचा आकडा ६४८ ऐवजी ७६७ होतो, काहीही न बदलता. तुमच्या दोन जागांचं आपापसातलं गुणोत्तर यामुळे हलत नाही, पण दुसऱ्या कुणाच्या आकड्यांशी ताडून बघणार असाल तर भाजक कोणता हे पद्धतीच्या परिच्छेदात असलंच पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या अहवालांपैकी निम्म्यांत तो नसतो.

धुरीबद्दल दोनच गोष्टी विचारतो. क्लोरोफॉर्म इथेनॉलविरहित होता का? बाजारातल्या बऱ्याच बाटल्यांत तो टिकावा म्हणून इथेनॉल घातलेलं असतं. ते मातीत राहिलं की सेंद्रिय कर्ब म्हणून मोजलं जातं, आणि फक्त धुरीच्या वाट्यात. दुसरी गोष्ट, २४ तासांनंतर डेसिकेटर सहा-आठ वेळा रिकामा केला का? क्लोरोफॉर्ममध्येही कर्ब असतोच. वास पूर्ण गेल्याशिवाय पोटॅशियम सल्फेट ओतू नये. हे काम फ्यूम हूडमध्येच करायचं, त्यामुळे ‘वास गेला का’ हे नाकाने तपासायला जाऊ नका, पंप किती वेळा चालवला ते मोजा. याची खूण अशी: धुरीच्या रिकाम्या ब्लँकमध्ये, म्हणजे मातीविना ठेवलेल्या बीकरमध्ये, कर्ब साध्या ब्लँकपेक्षा ठळक जास्त येतो. तुमच्या तक्त्यात असा ब्लँक दिसत नाही.

आणि मुळं. क्लोरोफॉर्म जीवाणूच्या आणि ताज्या मुळाच्या पेशीत भेद करत नाही. जंगलाच्या वरच्या थरात केसांसारखी बारीक मुळं असतात आणि २ मिमीच्या चाळणीतून ती निम्मी सुटतात. चिमट्याने वेचली नसतील तर ६४८ मधले काही मायक्रोग्रॅम झाडाचे आहेत. गवताळ जमीन तिसरी जागा म्हणून घेणार असाल तर हा त्रास तिथे सगळ्यात मोठा होईल.

आता तुमच्या प्रश्नाकडे.

सेंद्रिय कर्ब जंगलात ३२ आणि शेतात १४ ग्रॅम प्रति किलो आहे. ६४८ ला ३२,००० ने भागा, २.० टक्के. २१९ ला १४,००० ने भागा, १.६ टक्के. याला सूक्ष्मजीव भागफल म्हणतात आणि भूवापराच्या अहवालात मी सगळ्यात आधी तोच बघतो. सेंद्रिय कर्ब ५६ टक्क्यांनी घटला, जैवभार ६६ टक्क्यांनी. जिवंत वाटा एकूण साठ्यापेक्षा जास्त वेगाने आटला, म्हणजे उरलेल्या कर्बात सूक्ष्मजीवांना सहज खाता येईल असा भाग कमी आहे. पालापाचोळा येणं थांबलं, नांगराने मातीची ढेकळं फुटून आतला कर्ब उघडा पडला, तो खाऊन संपला, आणि मागे राहिला तो बराचसा चिकणमातीला घट्ट चिकटलेला जुना कर्ब. गाय विकून गोठा तेवढा उरावा तसं.

बीटा-ग्लुकोसिडेज जंगलात १८० आणि शेतात ९५ मायक्रोग्रॅम नायट्रोफिनॉल प्रति ग्रॅम प्रति तास. प्रति ग्रॅम माती बघितलं तर ४७ टक्के घट. सेंद्रिय कर्बाने भागलं तर जंगलात दर ग्रॅम कर्बामागे ५.६ मिग्रॅ आणि शेतात ६.८. जैवभाराने भागलं तर ०.२८ आणि ०.४३. तीन भाजक, तीन वेगळे प्रश्न. पहिला विचारतो की या मातीत सेल्युलोजचे शेवटचे तुकडे फोडून ग्लुकोज मोकळं करायची एकूण क्षमता किती. दुसरा विचारतो की साठ्याच्या प्रमाणात ती किती. तिसरा विचारतो, एका जिवंत पेशीच्या वाट्याला किती एन्झाइम येतं, आणि इथेच पाय घसरतो, कारण एन्झाइम पेशीच्या ताब्यात आहे असं आपण नकळत धरून चालतो.

बीटा-ग्लुकोसिडेज मोठ्या प्रमाणात पेशीबाहेर असतं. सूक्ष्मजीव ते सोडतात, पेशी मेली तर फुटून बाहेर येतं, आणि मग चिकणमातीच्या कणांवर किंवा ह्युमसच्या जाळ्यात अडकून बसतं. अडकलेलं एन्झाइम जरा मंद चालतं, पण लवकर नष्ट होत नाही. ते ज्याने बनवलं तो जीवाणू कधीच गेलेला असतो. तुम्ही परीक्षानळीत नायट्रोफिनिल ग्लुकोसाइड घातलंत की हे जुनं एन्झाइमही ते फोडतं आणि पिवळा रंग येतो. रंगावरून नवं-जुनं कळत नाही. भाजक मात्र फक्त आज जिवंत असलेल्यांचा. शेतात जिवंत पेशी वेगाने घटल्या, अडकलेलं एन्झाइम हळू घटलं, त्यामुळे भागाकार वाढला.

हे नुसतं तर्काने म्हणायचं नाही, आणि तुमच्याकडे तपासायला साधन आहे: डिहायड्रोजनेज. हे एन्झाइम जिवंत पेशीच्या आत श्वसनाच्या साखळीत काम करतं. पेशी फुटली की ते मातीत फार काळ टिकून काम करत नाही. तुमचे आकडे जंगलात ९२ आणि शेतात ३० मायक्रोग्रॅम टीपीएफ प्रति ग्रॅम प्रति २४ तास. जैवभाराने भागा: ०.१४२ आणि ०.१३७. जवळपास तेच! शेतातल्या पेशी खरोखर जास्त कामाला लागल्या असत्या तर हा आकडाही वर गेला असता. तो जागचा हलला नाही आणि ग्लुकोसिडेजचा मात्र ०.२८ वरून ०.४३ वर गेला. याचा सरळ अर्थ, दर पेशीमागे श्वसनाची क्षमता तीच आहे आणि जादा ग्लुकोसिडेज बहुधा पेशीबाहेरचं, मागून राहिलेलं आहे. तुमच्या अहवालातली सगळ्यात चांगली ओळ ही होऊ शकते, आणि सध्या ती त्यात नाही.

‘बहुधा’ हा शब्द काढू नका. सूक्ष्मजीवांची जातकुळी बदलली आणि नव्या जाती जास्त ग्लुकोसिडेज सोडणाऱ्या आहेत, असंही असू शकतं, आणि तुमच्या आकड्यांत ते नाकारायला काही नाही. मूळ श्वसन मोजून ते जैवभाराने भागलंत तर आणखी एक साक्षीदार मिळेल.

भागाकारांबद्दल आणखी एक सावधगिरी. शेताचा जैवभार ४१ आणि २० यांच्या वजाबाकीतून आला आहे. ४१ च्या जागी ३९ किंवा ४३ आलं असतं तर जैवभार १९८ किंवा २४० झाला असता, म्हणजे साडेनऊ टक्के इकडेतिकडे. जंगलात तेवढ्याच चुकीने पावणेचार टक्केच फरक पडतो. गरीब मातीचा भाजक नेहमी जास्त डळमळीत असतो. तुमच्या बाबतीत १९८ धरलं तर ०.४८ आणि २४० धरलं तर ०.४०. दोन्ही ०.२८ च्या बरेच वर आहेत, म्हणून या उलटापालटीवर माझा विश्वास बसतो. सेंद्रिय कर्बाने भागलेल्या ५.६ आणि ६.८ वर मात्र मी काही उभारणार नाही. शेतातल्या शेतातली तफावतच तेवढी असते.

ग्लुकोसिडेजचा १८० हा आकडा तपासायला सांगतो, कारण इथे मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. सुरुवातीच्या वर्षांत एकदा तीन जागांच्या मातींसाठी मी एकाच मातीचा कंट्रोल चालवला आणि तोच सगळ्यांतून वजा केला. जंगलाच्या मातीचा गाळ चहासारखा तांबूस निघाला होता, तो रंग मला दिसतही होता, पण तक्ता भरायची घाई. नंतर जंगलाचा स्वतःचा कंट्रोल चालवला तर त्याचा अॅब्सॉर्बन्स ०.१४ आला आणि मी वजा केला होता ०.०४. नमुन्याचा ०.६२ होता, म्हणजे ०.४८ च्या जागी मी ०.५८ धरलं होतं. वीस टक्क्यांहून जास्त एन्झाइम निव्वळ ह्युमसच्या रंगाने ‘मिळालं’ होतं, आणि तेही फक्त जंगलाला. प्रत्येक मातीचा स्वतःचा कंट्रोल हवा: तीच माती, तोच बफर, तोच एक तास ३७ अंशांवर, फक्त सब्स्ट्रेट शेवटी, कॅल्शियम क्लोराइड आणि सामू १२ चं ट्रिस घालून क्रिया थांबवल्यानंतर, गाळायच्या अगदी आधी. फॉस्फेटेजसाठी सोडियम हायड्रॉक्साइड चालतं म्हणून तेच इथेही वापरू नका, तीव्र अल्कलीत ग्लुकोसाइड आपोआपही फुटत राहतं.

डिहायड्रोजनेजलाही एक खोट आहे. या चाचणीत घातलेला टीटीसी पेशींकडून इलेक्ट्रॉन घेऊन लाल टीपीएफ बनतो, पण त्यासाठी त्याला ऑक्सिजनशी स्पर्धा करावी लागते, त्यामुळे नळीत मातीवर हवा जास्त राहिली तर टीपीएफ कमी बनतं. मोकळ्या, भुसभुशीत मातीत हे जास्त घडतं. शेतात तांबं असलेली बुरशीनाशकं फवारली जात असतील तर तेही विचारा. तांबं या चाचणीतल्या लाल रंगातच ढवळाढवळ करतं आणि पेशी ठणठणीत असूनही आकडा खाली येतो. तसं असेल तर वर केलेली तुलना उलटी वाचावी लागेल: खरा आकडा ०.१३७ पेक्षा जास्त असू शकेल.

आता खोली, कारण जैवभाराची घट तुम्ही सारांशात ठळक दिली आहे, आणि दुरुस्त हिशेबाने ती ६६ टक्के होते. शेत नांगरलेलं आहे. समजा जंगलात जैवभार ०-५ सेंमीत ९००, ५-१० सेंमीत ३९६ आणि १०-२० सेंमीत १५० आहे. वरच्या दोहोंची सरासरी तुमचे ६४८ च येते. मधला फरक दाखवायला हे आकडे मी कल्पिलेत, पण जंगलाच्या मातीत उतार साधारण असाच तीव्र असतो. आता एकही जीवाणू न मारता नुसता नांगर फिरवून २० सेंमीपर्यंत सगळं एकजीव केलं, तर सगळीकडे साधारण ३९९ येईल. तुम्ही ०-१० सेंमी घ्याल आणि लिहाल, जैवभार ३८ टक्क्यांनी घटला. प्रत्यक्षात तो फक्त खाली गेला आहे. म्हणून नांगरलेल्या आणि न नांगरलेल्या जमिनीची तुलना निदान नांगराच्या तळापर्यंत जायला हवी. तुमच्याकडे खालचा थर नाही, तर ६६ टक्क्यांपुढे ‘०-१० सेंमी थरात’ हे शब्द प्रत्येक वेळी लिहा आणि त्यातला काही भाग मिसळण्यामुळे असू शकतो हेही.

यालाच जोडून स्थूल घनता. जंगलात १.०५ आणि शेतात १.३२ ग्रॅम प्रति घनसेंमी. १० सेंमीच्या थरात जैवभार कर्ब जंगलात दर चौरस मीटरला ६८ ग्रॅम आणि शेतात २९ होतो, म्हणजे घट ५७ टक्के दिसते. हा आकडा जास्त सौम्य वाटतो, पण तो फसवा आहे: दाबलेल्या शेतात १० सेंमीत १३२ किलो माती बसली, जंगलात १०५. जास्त माती मोजून घट कमी दाखवली. सारख्याच १०५ किलो मातीवर आणलं तर शेताचा आकडा २३ ग्रॅमवर येतो आणि घट पुन्हा ६६ टक्क्यांच्या आसपास. यातलं काय द्यायचं? मी प्रति ग्रॅम आणि समान वजनाच्या मातीवरचे, असे दोनच देतो.

तुम्ही n = ५ लिहिलं आहे. एका जंगलातले पाच आणि एका शेतातले पाच खड्डे म्हणजे पाच आवृत्त्या नव्हेत. शेत एकच आहे. या पाचांवर चालवलेली टी-चाचणी इतकंच सांगते की हे शेत त्या जंगलापेक्षा वेगळं आहे. ते वेगळेपण जंगलतोडीने आलं की आधीपासून तिथे वाळू जास्त होती म्हणून, हे ती सांगत नाही. दोन्हीकडचं चिकणमातीचं प्रमाण मोजून शेजारी द्या. ते जुळलं तर तुमची बाजू बरीच भक्कम होते, दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर मी भूवापराचा निष्कर्ष मागे घेईन. चिकणमाती जैवभारालाही आसरा देते आणि एन्झाइमही धरून ठेवते, त्यामुळे तिच्यातला फरक तुमच्या सगळ्या आकड्यांत एकाच वेळी घुसतो.

आम्ल फॉस्फेटेजची शेतातली घट तुम्ही ‘ऱ्हासाची खूण’ म्हणून लिहिली आहे, ते वाक्य काढा. शेतात स्फुरदाचं खत पडतं आणि आयता स्फुरद उपलब्ध असला की सूक्ष्मजीव नि मुळं दोघंही फॉस्फेटेज कमी बनवतात. शिवाय शेताचा सामू ७.१ आहे आणि जंगलाचा ५.४, तेव्हा आम्ल फॉस्फेटेज घटून अल्कली फॉस्फेटेज वाढणं साहजिक आहे. हा खताचा आणि सामूचा संकेत आहे. तो भूवापरातूनच आला हे खरं, पण माती आजारी पडल्याचं त्यातून सिद्ध होत नाही.

निष्कर्षाचा परिच्छेद मी असा लिहिला असता: “०-१० सेंमी थरात शेतातील सूक्ष्मजीव जैवभार कर्ब जंगलाच्या सुमारे एक तृतीयांश आढळला. ही घट सेंद्रिय कर्बातील घटीपेक्षा जास्त असून सूक्ष्मजीव भागफल २.० वरून १.६ टक्क्यांवर आला. जैवभाराच्या एककामागे डिहायड्रोजनेज दोन्ही ठिकाणी जवळपास समान, तर बीटा-ग्लुकोसिडेज शेतात अधिक होते. यावरून शेतातील ग्लुकोसिडेजचा मोठा भाग पेशीबाह्य व मातीच्या कणांवर स्थिर झालेला असावा. प्रत्येक भूवापराची एकच जागा अभ्यासल्याने आणि नांगरटीच्या खोलीपर्यंत नमुने नसल्याने हा फरक केवळ भूवापरामुळे असल्याचे म्हणता येत नाही.”

फ्रीजमध्ये ४ अंशांवर माती उरली असेल तर सगळं पुन्हा करायची गरज नाही. दोन्ही मातींचा ओलावा त्यांच्या जलधारण क्षमतेच्या निम्म्यावर आणा, आठवडाभर २५ अंशांवर ठेवा आणि फक्त जैवभार व डिहायड्रोजनेज पुन्हा मोजा, कारण ओलाव्याला सगळ्यात जास्त दचकतात ती हीच दोन मोजमापं. २८ आणि १४ टक्के ओलाव्यावर घेतलेल्या आकड्यांत पावसानंतर किती दिवस गेले याचाही हिस्सा मिसळला आहे. ०.१४२ आणि ०.१३७ ही जोडी त्यानंतरही जवळपास राहिली, तर ग्लुकोसिडेजबद्दलचं वाक्य तसंच ठेवा. शेताचा आकडा ठळक वर सरकला, तर ते वाक्य काढून फक्त भागफलावर थांबा.